सात-बाराची अकरा स्लाइड्स आणि समोर कुणीच नाही

‘सात-बारा कसा वाचावा’ या विषयाचं सादरीकरण गावोगावच्या सभागृहांत होतं, तेव्हा क्षेत्राच्या स्लाइडवर हमखास एक हात वर येतो. उताऱ्यावर १.२०.०० लिहिलेलं असतं आणि कुणीतरी विचारतं, “म्हणजे दीड एकरच ना?” बोलणारा थांबतो, फळ्यावर हिशेब मांडतो आणि गाडी पुढे जाते. तेच सादरीकरण रेकॉर्ड करायचं ठरलं की हा हात नाहीसा होतो. प्रश्न मात्र जागच्या जागीच असतो. विचारता न आल्यामुळे बघणारा ‘दीड एकर’ हेच उत्तर धरून पुढची सगळी मिनिटं ऐकतो. खरी जमीन तीन एकराला थोडी कमी असते.

या लेखात त्याच सादरीकरणाचं निवेदन स्लाइडनिहाय कसं आखलं, ते आहे. स्लाइड्स अकरा, लांबी सुमारे नऊ मिनिटं आणि बघणारे बहुतेक जण मोबाइलवर.

पहिली चूक बहुतेकांची एकच असते. सभागृहात जे बोलतो तेच माइकसमोर बोलायचं, असं धरून चालतात. पण सभागृहातलं बोलणं अर्धं श्रोत्यांनी घडवलेलं असतं. कपाळावर आठी दिसली की आपण वाक्य दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगतो, माना डोलल्या की पुढे सरकतो. हे इतकं नकळत होतं की आपण असं करतो हेच लक्षात राहत नाही. सभागृहातलं ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवून काढलं की ते दिसतं. मूळ मुद्दा दोन वाक्यांचा असतो आणि त्याच्याभोवती सात-आठ वाक्यं फक्त समोरच्या चेहऱ्यांना दिलेली उत्तरं असतात. रेकॉर्डिंगमध्ये चेहरे गेले की ही सात-आठ वाक्यंही गळतात. उरतात ती दोन वाक्यं, आणि ती फक्त आधीच माहीत असलेल्यालाच कळतात.

म्हणून निवेदनाचा एक शब्दही लिहिण्याआधी वेगळा कागद केला. प्रत्येक स्लाइडपुढे एकच गोष्ट लिहायची: इथे माणूस कुठे अडतो. सभागृहात विचारलेले प्रश्न आठवून, शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहायचे. ‘क्षेत्राच्या एककांबाबत संभ्रम’ असं लिहिलं तर त्याचा काही उपयोग नाही. ‘म्हणजे दीड एकरच ना?’ असं लिहिलं तर उत्तर कुठून सुरू करायचं ते लगेच कळतं.

असे प्रश्न जमवले की दिसतं, माणूस तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी अडतो आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे. कधी शब्द अडतो. उताऱ्यावर ‘आकार’ असा रकाना असतो. घरच्या भाषेत आकार म्हणजे जमिनीचा चौकोनी-त्रिकोणी आकार, नाहीतर तिचा मोठेपणा. उताऱ्यावर आकार म्हणजे त्या जमिनीवर ठरवलेली शेतसाऱ्याची आकारणी, रुपये-पैशांत. हे न सांगता “आकार तीन रुपये पंचेचाळीस पैसे” असं बोललं की ऐकणारा तिथेच थबकतो. कधी नजर चुकते. निवेदक एका रकान्याबद्दल बोलत असतो आणि बघणारा शेजारचा रकाना वाचत असतो. आणि कधी मन स्वतःच्या उताऱ्याकडे धावतं. खोडलेल्या नावाची स्लाइड आली की माणूस ती बघतच नाही. त्याच्या घरच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव खोडलेलं असतं आणि तो त्याचाच विचार करत बसतो. पुढची वीस सेकंदं वाया गेली म्हणून समजा.

शब्द अडला तर अर्थ आधी आणि नाव नंतर द्यावं. नजर चुकत असेल तर पडद्यावर चौकट हवी आणि निवेदनात जागेचं वर्णन हवं. मन धावत असेल तर तो प्रश्न आपणच मोठ्याने विचारून टाकावा, म्हणजे ते परत येतं.

आता क्षेत्राची स्लाइड जवळून बघू. अकरापैकी ही पाचवी, आणि सगळ्यांत जास्त वेळा लिहिलेलीही हीच. पहिला खर्डा असा होता:

> “इथे क्षेत्र दिलेलं आहे. क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतं. या उदाहरणात क्षेत्र एक पूर्णांक वीस हेक्टर आहे. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर, त्यामुळे तुम्ही त्यावरून एकर काढू शकता.”

यात खोटं काही नाही. एक हेक्टर वीस आर म्हणजे १.२० हेक्टरच. तरीही जवळजवळ प्रत्येक वाक्यात एक खड्डा आहे. ‘इथे’ म्हणजे कुठे, ते मोबाइलवर कळत नाही. ‘पूर्णांक’ म्हटल्यावर दुसऱ्या टिंबाचं काय करायचं, हा प्रश्न उरतो. शिवाय १.०५.०० असेल तर माणूस ‘एक पूर्णांक पाच’ म्हणून दीड हेक्टर समजण्याची दाट शक्यता आहे. ‘एकर काढू शकता’ हे तर सरळ गृहपाठ देऊन निघून जाणं झालं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बघणाऱ्याच्या डोक्यात जे चुकीचं उत्तर आधीच तयार असतं, एक एकर वीस गुंठे म्हणजे दीड एकर, त्याला या खर्ड्याने हातही लावलेला नाही. चुकीचं उत्तर खोडलं नाही तर माणूस बरोबर माहिती ऐकूनही ते चुकीचंच धरून बसतो.

शेवटी जे रेकॉर्ड झालं ते असं. कंसात निवेदकासाठी थांबे आहेत:

> “आता जमिनीचं एकूण क्षेत्र. पिवळ्या चौकटीत बघा. एक, टिंब, वीस, टिंब, शून्य शून्य. (दोन सेकंद) हा एकर-गुंठ्यांचा आकडा नाही. पहिल्या टिंबाच्या आधी असतात हेक्टर. दोन टिंबांच्या मध्ये असतात आर. शेवटी चौरस मीटर. म्हणजे हे झालं एक हेक्टर वीस आर. (दोन सेकंद) एका हेक्टरात शंभर आर, म्हणून एकूण एकशेवीस आर. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा, किंचित कमी. एकशेवीस आरांचे गुंठे होतात साधारण एकशे साडेअठरा. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. म्हणजे ही जमीन तीन एकराला दीड गुंठा कमी. (एक सेकंद) दीड एकर नाही, जवळजवळ तीन एकर. (तीन सेकंद)”

हिशेब पडताळून बघायचा असेल तर एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. १२,००० चौरस मीटरला १०१.१७ ने भागलं की ११८.६ गुंठे येतात. निवेदनात मात्र ‘साडेअठरा’च ठेवलं. कानाने ऐकताना दशांश झेपत नाही, आणि इथे मुद्दा दीड आणि तीन यांतल्या फरकाचा आहे. अचूक आकडा पडद्यावर छोट्या ओळीत दिला. ज्याला हवा तो व्हिडिओ थांबवून वाचेल.

आकडा उच्चारताना ‘एक, टिंब, वीस, टिंब, शून्य शून्य’ असं म्हणणं सुरुवातीला बालवाडीसारखं वाटतं. पण बघणाऱ्याचा डोळा आणि कान एकाच जागी आणायला यासारखी दुसरी युक्ती नाही. प्रत्येक टिंब ऐकलं की डोळा ते शोधतो. एकदा हे झालं की पुढे ‘एक हेक्टर वीस आर’ एवढंच म्हणावं. पुन्हा टिंबं मोजत बसायचं नाही.

टिंबाचा आणखी एक चकवा पुढच्या स्लाइडवर होता. आकाराच्या रकान्यात ३.४५ असा आकडा असतो आणि ते टिंब रुपये-पैशांचं असतं. आधीच्या स्लाइडवर ‘टिंबाच्या आधी हेक्टर’ हे आपणच ठसवलेलं, त्यामुळे ३.४५ हे तीन हेक्टर पंचेचाळीस आर वाटणं अगदी साहजिक आहे. एका स्लाइडवर चांगलं शिकवलेलं पुढच्या स्लाइडवर उलटतं ते असं. सहाव्या स्लाइडच्या निवेदनाची पहिली दोन वाक्यं म्हणून अशी केली: “पुढच्या रकान्यातलं टिंब वेगळं आहे. हे पैशांचं टिंब.” त्यानंतर शेतसारा म्हणजे काय ते, आणि ‘आकार’ हे नाव सगळ्यांत शेवटी.

‘इथे’, ‘हा’, ‘खाली’, ‘वरचा’ हे शब्द निवेदनातून वेचून काढले. सभागृहात हातात काठी किंवा लेझर असतो, म्हणून ते चालतात. रेकॉर्डिंगमध्येही लेझर पॉइंटर वापरता येतो. पॉवरपॉइंटमध्ये तो Ctrl+L ने चालू होतो आणि त्याची हालचालही रेकॉर्ड होते. पण सहा इंची पडद्यावर तो लाल ठिपका माशीसारखा भिरभिरतो आणि बघणारा रकान्याऐवजी ठिपक्याच्याच मागे जातो. आम्ही लेझर सोडला आणि पिवळ्या चौकटी वापरल्या. एका वेळी एकच चौकट. निवेदनात तिचा रंग आणि जागा, दोन्ही सांगायचं: ‘पिवळ्या चौकटीत, खाते क्रमांकाच्या शेजारी’. हे पारखायला एक सोपी परीक्षा आहे. स्लाइड न बघता नुसतं निवेदन ऐकायचं. ‘कशाबद्दल बोलतोय?’ असा प्रश्न जिथे पडेल तिथे सर्वनाम काढून नाव घालायचं. अकरा स्लाइड्समध्ये अशा चौदा जागा निघाल्या, त्यातल्या पाच एकट्या चौथ्या स्लाइडवर.

पूर्ण उताऱ्याचं चित्र एकाच स्लाइडवर, सुरुवातीला आणि फक्त आठ सेकंद ठेवलं. मोबाइलवर त्यातलं एक अक्षरही वाचता येत नाही. ते वाचायचं नाही हेही निवेदनातच सांगितलं: “अक्षरं वाचू नका, फक्त तुकडे बघा. वरचा भाग गाव नमुना सात, खालचा भाग गाव नमुना बारा. वर जमीन कुणाची ते कळतं, खाली तीत काय पिकतं ते.” हे सांगितलं नाही तर माणूस डोळे ताणून वाचत बसतो आणि ऐकणं सुटतं. पुढच्या प्रत्येक स्लाइडवर उताऱ्याचा फक्त एक तुकडा मोठा करून घेतला आणि कोपऱ्यात अख्ख्या उताऱ्याचं नखाएवढं चित्र ठेवून त्यात तो तुकडा कुठला आहे ते रंगवलं. उतारा अर्थातच बनावट होता, नावं आणि गट क्रमांक कल्पित. खऱ्या कुणाचा उतारा कायमस्वरूपी व्हिडिओत टाकणं बरं नाही, आणि नावं झाकलेला उतारा दाखवला तर लोक झाकलेलं काय असेल याचाच अंदाज लावत बसतात.

आता सगळ्यांत उशिरा सापडलेल्या दोषाबद्दल. चाचणीत बघणारे सातव्या स्लाइडवर, पोटखराब्याच्या म्हणजे लागवडीलायक न धरलेल्या जमिनीच्या जागी, वारंवार मागे जात होते. साहजिकच आम्ही सातव्या स्लाइडचंच निवेदन दोनदा बदललं. फरक पडला नाही. मूळ गडबड पाचव्या स्लाइडवर होती. तिथल्या तेव्हाच्या मजकुरात १.२०.०० ला नुसतं ‘क्षेत्र’ म्हटलं होतं. सातवीवर ‘क्षेत्र १.१२.०० आणि पोटखराबा ०.०८.००’ असं येत होतं. एकाच शब्दाचे दोन आकडे. ऐकणाऱ्याला वाटायचं, मघाशी वेगळंच ऐकलं होतं, म्हणून तो मागे जायचा. पाचवीवर ‘एकूण क्षेत्र’ आणि सातवीवर ‘लागवडीचं क्षेत्र’ असे शब्द पक्के केल्यावर सातवीचं निवेदन सरळ झालं: लागवडीचं क्षेत्र एक हेक्टर बारा आर, पोटखराबा आठ आर, मिळून एकूण क्षेत्र एक हेक्टर वीस आर. सभागृहात हे निभावून जातं, कारण बोलणारा सहज म्हणतो, “मघाचा आकडा सगळा धरून होता.” रेकॉर्डिंगमध्ये तो ‘मघाचा’ हवेत विरतो.

यातून एक सवय लागली. निवेदन पूर्ण झालं की सगळी नामं एका कागदावर उतरवायची आणि एकाच वस्तूला दोन नावं किंवा दोन वस्तूंना एक नाव दिलं आहे का ते बघायचं. शाळेत निबंधात तोच शब्द पुन्हा वापरू नये असं शिकवलेलं असतं, त्यामुळे आपण ‘खातेदार’, ‘भोगवटादार’, ‘मालक’, ‘धारक’ असे पर्याय आलटून पालटून वापरतो. ऐकणाऱ्याला ती चार वेगळी माणसं वाटतात. उताऱ्यावर छापलेला शब्द ‘भोगवटादार’ आहे. म्हणून एकदा “भोगवटादार, म्हणजे ज्याच्या नावावर जमीन आहे तो” असं सांगून पुढे शेवटपर्यंत तोच शब्द ठेवला. कंटाळवाणं वाटलं तरी.

पोटखराब्याच्या स्लाइडवर ‘मग ती जमीन आमची नाही का?’ हा सभागृहातला नेहमीचा प्रश्न निवेदकानेच विचारला: “पोटखराबा म्हणजे तेवढी जमीन आपली नाही का? आपलीच आहे. फक्त मोजणीच्या वेळी ती लागवडीलायक धरलेली नाही.” पोटखराब्यात वर्ग अ आणि वर्ग ब असे दोन प्रकार आहेत आणि ब मध्ये रस्ता, ओढा अशा सार्वजनिक वापराच्या जागा येतात. पण हे सांगायला लागलं की आणखी दोन मिनिटं आणि पाच नवे प्रश्न. पडद्यावर एक ओळ टाकली, “वर्ग ‘ब’चे नियम वेगळे आहेत, तलाठ्याकडे विचारा”, आणि पुढे निघालो. समोर विचारणारा नसताना जो दरवाजा उघडायचा नाही, त्याकडे बोटही दाखवू नये असं एक मत आहे. आम्हाला ते पटलं नाही. ज्याच्या उताऱ्यावर ‘ब’ आहे त्याला निदान आपलं उत्तर इथे नाही हे कळायला हवं, नाहीतर तो ‘अ’चं उत्तर स्वतःला लावून घेईल.

खोडलेल्या नावाच्या स्लाइडवर, म्हणजे नवव्या, हीच अडचण जास्त तीव्र होती. २०२० मध्ये उताऱ्याचा नमुना बदलला. आधी कमी झालेली नावं कंसात दाखवायचे, आता त्यांच्यावर आडवी रेघ असते. रेघ दिसली की माणसाचा जीव वर-खाली होतो. म्हणून स्लाइड उघडताच पहिलं वाक्य तोच प्रश्न: “घरातल्या कुणाच्या नावावर अशी रेघ दिसली, तर हक्क गेला असं समजायचं का?” लगेच उत्तर: “नुसत्या रेघेवरून ते कळत नाही. ती नोंद आता जुनी झाली, एवढंच रेघ सांगते. का जुनी झाली, ते शेजारच्या फे.फा. रकान्यातल्या क्रमांकावरून शोधायचं. तो क्रमांक लिहून घ्या. (चार सेकंद) त्या क्रमांकाची नोंद गाव नमुना सहामध्ये, फेरफार नोंदवहीत सापडते. वारस नोंद, खरेदी, वाटणी, जे काही असेल ते तिथे लिहिलेलं असतं.” हे चार सेकंद खरोखर शांत ठेवले आणि पडद्यावर ‘व्हिडिओ थांबवा, क्रमांक लिहा’ असं आलं. ‘लिहून घ्या’ म्हणायचं आणि लगेच पुढे बोलत सुटायचं, हे रेकॉर्डिंगमध्ये फार होतं.

वेळेचा हिशेब लिहिताना करावा, रेकॉर्ड झाल्यावर नाही. इंग्रजी निवेदनासाठी मिनिटाला दीडशे शब्दांचा अंदाज सर्रास सांगतात. तो मराठीला लावू नये. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, ‘उताऱ्यावरच्या’ हा एकच शब्द असतो, त्यामुळे तेवढेच शब्द उच्चारायला जास्त वेळ लागतो. ज्याचा आवाज असेल त्याने निवेदनाचं एक पान शांतपणे वाचावं आणि एका मिनिटात किती शब्द झाले ते मोजावं. आमच्या निवेदिकेचा वेग शंभरच्या आसपास निघाला. नऊ मिनिटं म्हणजे ५४० सेकंद. त्यातले सगळे थांबे मिळून ऐंशी सेकंद वजा केले की ४६० उरतात, म्हणजे सुमारे ७७० शब्द. पहिला खर्डा ११०० शब्दांचा होता. वाचनाचा वेग वाढवून तो बसवता आला असता, पण मग थांबेच गेले असते. तीन स्लाइड्स काढल्या. त्यात सात-बाराचा इतिहास सांगणारी एक होती. तिच्याबद्दल सभागृहात कधीही कुणी काही विचारलं नव्हतं.

नवीन मजकूर पडद्यावर आला की निवेदकाने आधी गप्प राहावं. माणूस पडद्यावरचं वाचतो तेव्हा कानावरचं ऐकत नाही. आमचा नियम होता: निवेदकाने ती ओळ मनात एकदा सावकाश वाचावी, मग तोंड उघडावं. आणि पडद्यावर वाक्यं नकोतच. आकडा, रकान्याचं नाव, फारतर एक ओळ. निवेदनातलं वाक्य जसंच्या तसं पडद्यावर टाकलं तर माणूस ते निवेदकाच्या आधी वाचून मोकळा होतो आणि उरलेली सेकंदं वाट बघत बसतो.

रेकॉर्डिंग पॉवरपॉइंटमध्येच केलं. त्याचा मोठा फायदा म्हणजे आवाज प्रत्येक स्लाइडला वेगळा जोडला जातो. एक स्लाइड चुकली तर तेवढीच पुन्हा रेकॉर्ड करता येते. पण याचीच एक मेख आहे. एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना, संक्रमण चालू असताना, पॉवरपॉइंट आवाज रेकॉर्ड करत नाही. बोलता बोलता बटण दाबलं की वाक्याचं शेपूट किंवा पुढच्या वाक्याचं तोंड कापलं जातं. म्हणून प्रत्येक स्लाइडच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन सेकंद शांततेचे, आणि दोन स्लाइड्सवर लोंबकळणारं वाक्य कुठेही नाही. ‘आणि याच्याच पुढे…’ अशी सुरुवात असलेली वाक्यं लिहितानाच काढली. याचा आणखी एक उपयोग नंतर कळला. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी ‘चौथ्या मिनिटापासून बघ’ असं सांगून पाठवलं, तरी प्रत्येक स्लाइड स्वतःच्या पायावर उभी असते.

अकरा स्लाइड्स एकाच दिवशी, एकाच खोलीत, माइक तोंडापासून एकाच अंतरावर ठेवून रेकॉर्ड कराव्यात. महिन्याभराने सहावी एकटी पुन्हा केली तर ती वेगळ्याच माणसाने बोलल्यासारखी ऐकू येते. आम्ही माइकपासून एक वीत अंतर धरलं, टेबलावर घोंगडी घातली, पंखा बंद ठेवला. पुन्हा रेकॉर्ड करायची वेळ आलीच तर आधीच्या स्लाइडचा आवाज हेडफोनवर ऐकून, त्याच पट्टीत सुरुवात करावी. व्हिडिओ काढताना रेकॉर्ड केलेल्या वेळा आणि निवेदन वापरण्याचा पर्याय निवडलेला आहे ना, ते बघावं. नाहीतर प्रत्येक स्लाइड ठरावीक पाच सेकंदांतच सरकते.

मग चाचणी. सात-बारा घरात आहे पण तो वाचता येत नाही असे दोन-तीन जण पुरतात. त्यांना त्यांच्याच मोबाइलवर व्हिडिओ द्यायचा आणि शेजारी वही घेऊन गप्प बसायचं. गप्प बसणं हेच कठीण. त्याने आपल्याकडे बघितलं की उत्तर द्यावंसं वाटतं, आणि दिलं की चाचणी संपली. लिहायचं एवढंच: कितव्या सेकंदाला थांबवलं, कुठून कुठे मागे नेलं, कुठे पडदा दोन बोटांनी मोठा केला. मोठा केला म्हणजे अक्षर लहान आहे, निवेदनाचा दोष नाही. न थांबवता सलग बघितलं तर सगळं कळलं असंही समजू नये. काही जण अडले तरी थांबवत नाहीत, सोडून देतात. ‘कळलं का?’ असं विचारू नये, सगळे हो म्हणतात.

त्याऐवजी नवा आकडा द्यायचा. आम्ही कागदावर ०.६५.०० लिहून ‘किती एकर?’ असं विचारलं. ‘पासष्ट गुंठे, म्हणजे एक एकर पंचवीस गुंठे’ हे उत्तर पुरेसं बरोबर, काटेकोर हिशेबाने एक एकर सव्वाचोवीस गुंठे होतात. ‘साडेसहा गुंठे’ असं आलं तर टिंबाचा अर्थ पोचलेला नाही. ‘पाव कमी दोन एकर’ असं आलं तर टिंब कळलंय, चाळीसच्या जागी दुसरं काहीतरी धरलंय. चुकीचं उत्तर नेमकं कुठल्या वाक्याकडे परत जायचं ते सांगतं. दुसरा प्रश्न खोडलेल्या नावाचा: ‘आता तुम्ही पुढे काय शोधाल?’ उत्तरात फेरफार क्रमांक आला की नववी स्लाइड पास. पहिल्या चाचणीत तो आला नव्हता, कारण तेव्हा चार सेकंदांचा थांबा नव्हता.

उतारा ऑनलाइन कुठून काढायचा, शुल्क किती आणि संकेतस्थळावर कुठलं बटण दाबायचं, हे सगळं शेवटच्या, अकराव्या स्लाइडवर एकत्र ठेवलं आणि बाकी दहा स्लाइड्समध्ये त्याचा उल्लेखही येऊ दिला नाही. संकेतस्थळाचा चेहरा बदलतो, शुल्क बदलतं. आर आणि गुंठ्याचं नातं बदलत नाही. व्हिडिओ पसरल्यावर अकरावी जुनी झाली की मूळ फाइलमधली तेवढीच बदलून पुन्हा व्हिडिओ काढायचा. म्हणून मूळ फाइल, निवेदनाचा अंतिम कागद आणि निवेदिका माइकपासून किती लांब बसली होती तो आकडा, तिन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवले आहेत.